आभाराचा डबा आणि राहून गेलेली नावे

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाची तीन दिवसांची व्याख्यानमाला जानेवारीत पार पडली आणि आठवड्याने कार्यकारिणीची बैठक बसली. साठ हजारांचा जमाखर्च अर्ध्या तासात मंजूर झाला. पुढचे दोन तास एकाच विषयावर गेले: राबलेल्या स्वयंसेवकांना काही द्यायचे का, आणि द्यायचे तर काय. एका बाजूचे म्हणणे, ही वाङ्मयसेवा आहे, सेवेला मोबदला कसला? दुसऱ्या बाजूचे म्हणणे, ज्याने जास्त काम केले त्याला जास्त द्या, तरच न्याय होईल. तिसरा एक आवाज होता ‘उत्कृष्ट कार्यकर्ता’ निवडून त्या एकाचाच सत्कार करण्याचा. आवाज चढले, जुने हिशेब निघाले. एवढ्या वेळात एकानेही विचारले नाही की स्वयंसेवक नेमके किती आणि कोण. सगळे जण गृहीत धरून बोलत होते की ते आपल्याला माहीत आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. वस्तू सगळ्यांना एकच द्यावी, स्वस्त आणि घरात वापरली जाईल अशी. कामातला फरक वस्तूत दाखवू नये, शब्दांत दाखवावा: प्रत्येकाला वेगळी, हाताने लिहिलेली चिठ्ठी. आणि या दोन्हींच्या आधी यादी करावी. कारण असल्या आभारांत अन्याय होतो तो बहुतेक वेळा वस्तू निवडताना होत नाही, नावे लिहिताना होतो. शंभराचे दिले की दोनशेचे, याने कोणी दुखावत नाही. आपले नावच नव्हते, हे मात्र माणूस वर्षानुवर्षे विसरत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी आभारप्रदर्शन माझ्याकडे होते. व्यासपीठावर उभी राहून मी देणगीदार, हॉलचे मालक, माइकवाले, वार्ताहर अशी सगळी नावे वाचली आणि शेवटी ते ठरलेले वाक्य म्हटले, ‘ज्यांची नावे अनवधानाने राहिली असतील त्यांचेही आभार.’ मागच्या दारात एक काकू उभ्या होत्या. तिन्ही दिवस दीडशे माणसांचा चहा त्यांनी केला होता, पातेली स्वतः घासली होती आणि वक्त्यांना रात्रीचे गरम जेवण स्वतःच्या घरून आणले होते. त्यांचे नाव माझ्या कागदावर नव्हते. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी चहा झाला, पण तो कंत्राटाने करवून घ्यावा लागला, कारण त्या आल्या नाहीत. ‘अनवधानाने’ या शब्दामागे आपण किती लपवतो हे मला त्या वर्षी कळले. अनवधान सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाही. देणगीदाराचे नाव सहसा विसरले जात नाही. विसरले जाते ते पडद्यामागच्याचे, मोऱ्या धुणाऱ्याचे, सगळे घरी गेल्यावर दिवे मालवणाऱ्याचे.

आता पहिला आक्षेप, सेवावाल्यांचा. त्यात तथ्य आहे, आणि ते थोडेथोडके नाही. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांचा एक प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. इस्रायलमधली शाळकरी मुले घरोघर फिरून चांगल्या कामासाठी देणगी गोळा करत होती. काही मुलांना फक्त कामाचे महत्त्व सांगितले, काहींना जमलेल्या रकमेच्या एक टक्का मोबदला कबूल केला, काहींना दहा टक्के. सर्वांत जास्त रक्कम आणली ती मोबदला न मिळणाऱ्या मुलांनी. दहा टक्केवाली मधे राहिली आणि एक टक्कावाली सर्वांत मागे. थोडासा पैसा आला की माणूस मनातल्या मनात हिशेब मांडू लागतो, आणि त्या हिशेबात काम परवडेनासे होते. ‘मी हे आपलेपणाने करतो’ हे वाक्य जाऊन ‘एवढ्यासाठी कोण करणार’ हे वाक्य येते. सेवावाल्यांची भीती नेमकी ही आहे आणि ती खरी आहे.

पण त्यातून जो निष्कर्ष ते काढतात तो निघत नाही. त्या प्रयोगात मोबदला आधी कबूल केला होता आणि तो कामाच्या प्रमाणात होता. काम झाल्यावर, न सांगता, सगळ्यांना सारखी दिलेली वस्तू मोबदला होत नाही. याचे आपल्या ओळखीचे उदाहरण रक्तदान आहे. पूर्वी आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देणारे लोक होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून ती पद्धत बंद झाली. पैसे बंद झाले म्हणून रक्तदात्याचा चहा आणि बिस्किटे कोणी बंद केली का? शिबिरात पहिल्यांदा आलेला मुलगा आणि वीस वेळा रक्त दिलेला माणूस एकाच बाकावर बसून तीच बिस्किटे खातात. त्या बिस्किटांची किंमत रक्ताशी ताडून पाहणारा माणूस मी अजून पाहिला नाही. पाहुणचार आणि मजुरी यांतला फरक आपल्याला चांगला कळतो. सभेत बसल्यावर मात्र तो आपण विसरतो.

आणि सेवेची एवढी चाड असलेली हीच मंडळी व्यासपीठावर काय करतात? वक्त्याला मानधन, वर शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. अध्यक्षांना शाल-श्रीफळ. प्रमुख पाहुण्यांना पुष्पगुच्छ. आमच्या जमाखर्चात या सत्काराच्या साहित्याला अडीच हजार रुपये पडले होते आणि त्यावर कोणाचा आक्षेप नव्हता. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून गावोगावच्या मालांनी वक्त्यांची परंपरा अभिमानाने जपली. ते योग्यच आहे. पण त्यातल्या प्रत्येक संध्याकाळी कोणीतरी सतरंज्या अंथरल्या असणार आणि त्या गुंडाळल्याही असणार. बोलणाऱ्याचा सत्कार म्हणजे संस्कृती आणि सतरंजी उचलणाऱ्याचा सत्कार म्हणजे सेवेचा अपमान, हा भेद कोणत्या तत्त्वातून आला, हे मला त्या बैठकीत कोणी सांगू शकले नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि तो प्रामाणिक माणसे घेतात. आमच्याकडे एका कार्यकर्त्याने डिसेंबरपासून जवळजवळ साठ तास दिले: वक्त्यांशी पत्रव्यवहार, त्यांची तिकिटे, हॉलचे आरक्षण, पोलीस ठाण्यातला अर्ज. एका मुलीने शेवटच्या दिवशी सहा तास दारावर नोंदवही सांभाळली. दोघांना एकच वस्तू दिली तर साठ तासांचा अपमान नाही का होत? समान वागणूक म्हणजे न्याय असे नेहमी नसते, हे मलाही मान्य आहे. आजाऱ्याला आणि धडधाकटाला एकच औषध देणे म्हणजे न्याय नव्हे.

पण मग तास मोजायला बसूया. सहा तासवालीला दोनशेची वस्तू आणि साठ तासवाल्याला चारशेची. म्हणजे त्याच्या जादा चोपन्न तासांची किंमत आपण दोनशे रुपये लावली. तासाला चार रुपयेसुद्धा नाहीत. जोवर दोघांच्या हातात एकच वस्तू होती तोवर ती आभाराची खूण होती. फरक केला त्या क्षणी तिच्यावर दर छापला गेला, आणि तो दर कोणाही मजुराला लाजवेल असा आहे. साठ तासांचे मोल वस्तूत खरोखर चुकवायचे तर हजारो रुपये लागतील, आणि ते आमच्याकडे नाहीत. स्वस्त भेटीत श्रेणी लावली की ज्याला जास्त मिळते त्याचाच जास्त अपमान होतो. त्या साठ तासवाल्या गृहस्थांनीच बैठकीत मला हळूच सांगितले, ‘ताई, मला काही वेगळे देऊ नका, मला संकोच वाटेल.’

शिवाय कामाचे वजन करणार कोण? आपल्या गावगाड्यात बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी होत्या आणि सुगीला खळ्यावर त्या ओळीप्रमाणे धान्य मिळे. कोण कोणत्या ओळीत हे गावोगाव थोडे बदले, पण कसोटी एक होती: शेतकऱ्याला कोणाची गरज जास्त. घाम किती गळला ही कसोटी नव्हती. धान्य ज्याच्या हातात, मोजमाप त्याचे. तिथे निदान तो व्यवहार होता, वर्षभराच्या कामाचा ठरलेला वाटा होता, आणि व्यवहारात श्रेणी असणे मी समजू शकते. आमच्या कार्यकारिणीने तीन श्रेणींचा जो कच्चा मसुदा केला होता त्यात पहिल्या श्रेणीत कोण होते? कार्यकारिणीला रोज फोन करणारे. चहा, झाडलोट, खुर्च्या हे सगळे तिसऱ्या श्रेणीत. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. जे काम आपल्या डोळ्यांसमोर होते ते आपल्याला मोठे दिसते, एवढेच. ‘उत्कृष्ट कार्यकर्ता’ हा प्रस्ताव तर याहून वाईट. एका माणसाला वर उचलण्यासाठी अकरा जणांना त्यांनी न मागितलेल्या स्पर्धेत उतरवायचे आणि हरवायचे.

माझ्या बाजूचा ऐतिहासिक दाखला म्हणून बैठकीत मी संक्रांतीच्या वाणाचे नाव घेतले. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला तेच वाण मिळते: चमचा, वाटी, गाळणी, कंगवा. डॉक्टरीणबाईंना एक आणि कामवाल्या मावशींना दुसरे असे कोणी करत नाही. स्वस्त, सारखे, उपयोगी. हे शहाणपण आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवले आहे. बोलून झाले आणि आमच्या ग्रंथपालबाईंनी एकच प्रश्न विचारला: ‘आणि ज्यांना बोलावत नाहीत त्यांचे काय?’ त्यांचे पती सहा वर्षांपूर्वी गेले. वाण सगळ्यांना सारखे, पण विधवेचे नाव आमंत्रणाच्या यादीतच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला तेव्हा त्याची राज्यभर चर्चा झाली, आणि तरीही आमच्या गल्लीत ती यादी बदललेली नाही. त्यांच्या प्रश्नाने माझा दाखला मोडला नाही, पुरा केला. वस्तू कितीही समान असो, यादी चुकली की सगळी समता बाहेरच राहते.

म्हणून यादी कशी केली ते नीट सांगते. बैठकीत आठवतील ती नावे सांगा म्हटले तर नऊ आली. मग आम्ही नावे बाजूला ठेवली आणि कामे लिहिली. पहिल्या पत्रापासून शेवटची खुर्ची परत जाईपर्यंत, दिवसवार. प्रत्येक कामासमोर एकच प्रश्न: हे कोणी केले? उत्तर ‘कोणीतरी केले असेल’ असे आले की तिथे खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी विचारून यायचे. तीन खुणा उरल्या. पहिली, दुसऱ्या दिवशीचे वक्ते पथ्यामुळे बाहेरचे खात नाहीत, मग ते जेवले कुठे? वाचनालयामागे राहणाऱ्या एका आजींकडे, दोन्ही वेळा. दुसरी, पहिल्या भाषणाच्या ध्वनिमुद्रणातली खरखर कोणी काढली? पुण्याला शिकणाऱ्या आमच्या गावच्या एका मुलाने, तिथे वसतिगृहात बसून. तो तिन्ही दिवसांत गावात आलाही नव्हता. तिसरी, रात्री साडेदहाला हॉल झाडून किल्ली कोणी दिली? वाचनालयाच्या शिपायांनी. नऊचे बारा झाले. राहिलेल्या तिघांत काय समान होते पाहा: एकीचे काम घरात, एकाचे परगावी, एकाचे सगळे गेल्यावर. जे काम कार्यक्रमाच्या जागेत आणि कार्यक्रमाच्या वेळेत होत नाही ते आठवणीतून निसटते.

शिपायांवरून खजिनदारांनी हरकत घेतली, आणि ती विचार करण्याजोगी होती. ते पगारी आहेत, स्वयंसेवक कसे? माझे उत्तर असे: त्यांची वेळ संध्याकाळी सातला संपते. त्यानंतरच्या साडेतीन तासांचे तीन दिवसांचे पैसे आधी रोख द्या, कारण ती मजुरी आहे आणि मजुरीच्या जागी भेटवस्तू ठेवणे ही फसवणूक आहे. पण त्या माणसाने पावसाच्या भुरभुरीत बाहेरची पुस्तके स्वतः होऊन आत नेली. ते कोणत्याच वेळापत्रकात नव्हते. त्यासाठी त्यांचे नाव यादीत. दोन्ही द्यायचे आणि एकमेकांत मिसळायचे नाही.

हाच नियम खिशातल्या खर्चाला. वस्तू घ्यायला जाण्यापूर्वी आम्ही प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली: पेट्रोल, झेरॉक्स, फोन, चहा, जे काही स्वतःचे गेले ते लिहा. वक्त्यांना स्टँडवरून आणणाऱ्या कॉलेजच्या मुलाचे पेट्रोलवर तीनशे चाळीस रुपये गेले होते. तो मागणार नव्हता. त्याला दोनशेची भेट देऊन टाळ्या वाजवल्या असत्या तर त्याच्याच खिशातून त्याचा सत्कार झाला असता. चिठ्ठी सगळ्यांनी भरायची, मागणाऱ्यानेच नव्हे, हे महत्त्वाचे. नाहीतर ज्याला पैशाची खरी गरज आहे तोच संकोचाने गप्प बसतो. ज्यांना पैसे परत नको होते त्यांना तेवढ्या रकमेची देणगी पावती दिली. तीही दोघांना मोलाची वाटली.

आता पैसा. देणगीदारांनी व्याख्यानांसाठी पैसे दिले, भेटींसाठी नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून आम्ही मर्यादा घातली: एकूण खर्चाच्या चार टक्के, म्हणजे दोन हजार चारशे. शासकीय अनुदानाला हात लावायचा नाही आणि ही रक्कम छापील जमाखर्चात ‘स्वयंसेवक आभार’ अशी वेगळ्या ओळीत दाखवायची. लपवण्यासारखे वाटत असेल तर तो खर्च करूच नये. माला तोट्यात गेली असती तर वस्तू दिली नसती, फक्त चिठ्ठी दिली असती, असेही मी बैठकीत मान्य केले. आपापसात वर्गणी काढून भेटी द्याव्यात ही सूचनाही आली. पण आमच्याकडे निम्मे स्वयंसेवक कार्यकारिणीतलेच आहेत. स्वतःच्या वर्गणीतून स्वतःला भेट, आणि ज्याला वर्गणी जड जाते त्याची कुचंबणा.

वस्तू ठरवताना आम्ही एक एक पर्याय त्या बारा नावांवरून फिरवून पाहिला, आणि इथे ‘सारखे’ या शब्दाची परीक्षा झाली. टी-शर्टला मापे लागतात. आजी तो घालणार नाहीत. पुरुषांना टॉवेल-टोपी आणि बायकांना खण-नारळ ही आपली जुनी वाटणी लगेच दोन याद्या तयार करते, आणि खण म्हटला की पुन्हा ग्रंथपालबाईंचा प्रश्न उभा राहतो. मिठाई म्हटले तर बारांत तिघांना मधुमेह. पुस्तक मला स्वतःला फार द्यायचे होते, वाचनालयच ते. पण शिपायांच्या घरी कोण वाचते हे मला माहीत नव्हते आणि पुस्तकाच्या पाठीवर किंमत छापलेली असते. दुकानाच्या कूपनवर तर किंमतच असते, दुसरे काही नसते. काचेची स्मृतिचिन्हे वक्त्यांच्याच घरी धूळ खातात. सोडतीची चिठ्ठी काढून एकाला मोठी वस्तू देणे हा मात्र न्यायच नव्हे, तो जुगार आहे.

शेवटी भांड्यांच्या दुकानातला झाकणाचा स्टीलचा डबा ठरला, अर्धा किलो साखर मावेल एवढा. नाव घालून एकशे साठ रुपये. आम्ही चौदा घेतले, बारा नावांचे आणि दोन कोरे: दोन हजार दोनशे चाळीस. उरलेल्या एकशे साठांत जाड कागद आणि पाकिटे. डब्यावर वाचनालयाचे नाव घालावे असा आग्रह होता. मी तो मोडून काढला. आपल्या घरातल्या जुन्या तांब्यांवर, पातेल्यांवर कोरलेली नावे आठवा. आजीचे नाव, मामांचे नाव, सन. ज्याचे भांडे त्याचे नाव. संस्थेचे नाव घातले की ती संस्थेची जाहिरात होते आणि माणूस ती मागच्या फडताळात टाकतो. स्वतःचे नाव असलेला डबा ओट्यावर राहतो. कोरायला देण्यापूर्वी प्रत्येकाला नाव कसे लिहिता ते विचारले, आणि दोन नावांचे ऱ्हस्व-दीर्घ माझ्या कागदावर चुकीचे होते हे तेव्हा कळले. एकदा कोरलेले खोडता येत नाही.

चिठ्ठ्यांना दोन संध्याकाळी लागल्या. कसोटी साधी ठेवली: एकाच्या चिठ्ठीतले वाक्य दुसऱ्याच्या पाकिटात घालता आले तर ते वाक्य रद्द. ‘आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल’ त्यात पहिल्याच संध्याकाळी बाद झाले. दारावरच्या मुलीला लिहिले, ‘शेवटच्या दिवशी उशिरा आलेल्या आजोबांना तू स्वतःची खुर्ची दिलीस आणि दोन तास उभी राहिलीस.’ हे मला माहीत नव्हते, तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाने सांगितले. प्रत्येक चिठ्ठीसाठी त्या माणसाबरोबर राबलेल्या कोणाला तरी विचारावे लागते, कार्यकारिणीच्या खुर्चीतून ते दिसत नाही. साठ तासवाल्या गृहस्थांची चिठ्ठी दोन पानांची झाली, आणि ती सर्वांत लांब आहे याचे कोणालाच वाईट वाटले नाही. शब्दांत फरक केला की त्यातून दर निघत नाही.

वाटप व्यासपीठावर केले नाही. आपल्या जुन्या वतनाच्या कागदांत पाटलांच्या मानपानाची कलमे असतात: पहिला विडा कोणाला, होळीची पोळी आधी कोणाची, पोळ्याला पुढचा बैल कोणाचा. विडा तो केवढ्याचा? तरी भाऊबंदांचे त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले, कारण भांडण पानाचे नव्हते, क्रमाचे होते. आम्ही वाचनालयातच चहाला बोलावले, नावे अकारविल्हे, आडनाव न घेता. डबा देणारा पाहुणा नव्हता. ज्याच्याबरोबर काम केले त्याच्या हातून त्याला. आजी येऊ शकल्या नाहीत, त्यांना त्याच संध्याकाळी घरी नेऊन दिला. पुण्याच्या मुलाचा डबा त्याच्या आईकडे दिला आणि चिठ्ठी त्याला टपालाने.

चहावाल्या काकूंकडेही मी गेले. या वर्षीच्या यादीत त्या नव्हत्या, त्यामुळे त्यांच्यासाठी डबा नव्हता आणि तसा तो नेणे बरेही दिसले नसते. चिठ्ठी मात्र नेली, तीन वर्षे उशिरा, दीडशे माणसांच्या चहाची आणि माझ्या चुकीची. त्यांनी ती वाचून देवघराच्या फळीवर ठेवली आणि मला बसायला सांगितले.

वाटपानंतर चौथ्या दिवशी कळले की पहिल्या रात्री वाऱ्याने फाटलेला फलक पहाटे पुन्हा बांधणारा माणूस समोरचा सायकलवाला होता. एक कोरा डबा त्याच्या नावाने कोरून आला. खजिनदारांचे म्हणणे आहे की असे करत गेलो तर यादी संपायची नाही. माझे म्हणणे, फेब्रुवारीअखेरपर्यंत ती उघडी ठेवू आणि मग कामांच्या तक्त्यासह पुढच्या वर्षीच्या वहीत चिकटवू. यावर अजून एकमत नाही. चौदावा डबा वाचनालयाच्या कपाटात आहे.